कर्टोसिस वहीत ७.२१, शीटमध्ये ७.४२: फरक राउंडिंगचा आहे का?

कोरीवही

एका फंडाचे बारा महिन्यांचे परतावे घेऊन स्क्यूनेस आणि कर्टोसिस वहीत हाताने काढायला बसलो. तयार फंक्शन वापरायचं नाही असं ठरवलं होतं, कारण या दोन आकड्यांच्या आत नेमकं काय घडतं ते मला बघायचं होतं. परताव्यांची बेरीज १२ आली, म्हणजे सरासरी महिन्याला बरोबर १ टक्का. पुढचं सगळं पूर्णांकांत उतरलं. परतावे टक्क्यांत आहेत.

```
परतावा   विचलन   वर्ग    घन     चौथा घात
   २       १      १       १         १
   ३       २      ४       ८        १६
   १       ०      ०       ०         ०
   ४       ३      ९      २७        ८१
   २       १      १       १         १
  -१      -२      ४      -८        १६
   ३       २      ४       ८        १६
   २       १      १       १         १
   ०      -१      १      -१         १
   ३       २      ४       ८        १६
   २       १      १       १         १
  -९     -१०    १००   -१०००     १००००
बेरीज      ०    १३०    -९५४     १०१५०
```

तिन्ही बेरजांना १२ ने भागलं. वर्गांची सरासरी १०.८३, तिचं वर्गमूळ ३.२९, हे प्रमाण विचलन. घनांची सरासरी उणे ७९.५. तिला ३.२९ च्या घनाने, म्हणजे ३५.६६ ने भागलं, तर स्क्यूनेस उणे २.२३. चौथ्या घातांची सरासरी ८४५.८३. तिला १०.८३ च्या वर्गाने, म्हणजे ११७.३६ ने भागलं, तर कर्टोसिस ७.२१.

मग पडताळा म्हणून शीटमध्ये हे टाकलं:

```
=SKEW(B2:B13)
=KURT(B2:B13)
```

उत्तरं आली उणे २.५६ आणि ७.४२. फरक राउंडिंगचा असावा असं धरून मी दोन्हीकडून नॉर्मल वितरणाच्या कर्टोसिसचे ३ वजा केले. जादा कर्टोसिस वहीप्रमाणे ४.२१, शीटप्रमाणे ४.४२. हे बरोबर आहे का? आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: या आकड्यांवरून जोखमीबद्दल मी नेमकं काय म्हणू शकतो?

पायवाट

स्क्यूनेस उणे आहे म्हणजे फंड तोट्याकडे झुकलेला आहे. उणे २ च्या खाली तर फारच वाईट. माझं मत विचाराल तर बाहेर पडा.

कोरीवही

पायवाट, सरासरी महिन्याला अधिक १ टक्का आहे हो. बारापैकी नऊ महिने फायद्याचे आहेत. परतावे क्रमाने मांडले तर मधला आकडा २ येतो, म्हणजे सरासरीपेक्षा वर. उणे स्क्यूनेस तोटा सांगत नाही, शेपूट कुठल्या बाजूला लांब आहे ते सांगतो, एवढं मला वहीतूनच दिसलं. फंडात राहायचं की नाही हा माझा प्रश्नच नाही.

चौथाघात

कोरीवही, वहीतलं गणित चोख आहे. चूक शेवटच्या पायरीत आहे आणि ती राउंडिंगची नाही. शीटच्या ७.४२ मधून ३ आधीच वजा झालेले आहेत. तुम्ही ते दुसऱ्यांदा वजा केले. म्हणजे तुमची तुलना ७.२१ आणि ७.४२ ची नाही, ४.२१ आणि ७.४२ ची आहे. पहिले दोन आकडे जवळजवळ आले हा योगायोग, आणि त्यानेच तुम्हाला फसवलं.

४.२१ चे ७.४२ कसे झाले ते बघा. तुम्ही सगळीकडे १२ ने भागलंत. शीट असं धरतं की हे बारा महिने एका मोठ्या समूहातून उचललेला नमुना आहेत आणि नमुना लहान असेल तर शेपटी खऱ्यापेक्षा बारीक दिसते. म्हणून ते दुरुस्ती करतं. तुमचा जादा कर्टोसिस g2 आणि महिन्यांची संख्या n असेल तर:

```
G2 = (n-1)/((n-2)*(n-3)) * ((n+1)*g2 + 6)
```

१३ गुणिले ४.२०७ अधिक ६, म्हणजे ६०.६९. त्याला ११ ने गुणून ९० ने भागलं की ७.४२. स्क्यूनेसची दुरुस्ती साधी आहे: १३२ चं वर्गमूळ भागिले १०, म्हणजे १.१४९ ने गुणायचं. उणे २.२३ चे उणे २.५६ होतात. हीच दुरुस्ती १२० महिन्यांवर लावली तर स्क्यूनेस जेमतेम सव्वा टक्क्याने हलतो. बारा महिन्यांवर मात्र ती आकड्याचा चेहरा बदलते.

कुठलंही नवं साधन हातात आलं की मी एक छोटी परीक्षा घेतो. सहा वेळा अधिक १ आणि सहा वेळा उणे १ हे बारा आकडे त्याला देतो. ३ वजा न केलेला कर्टोसिस १ च्या खाली जाऊच शकत नाही आणि या आकड्यांवर तो बरोबर १ येतो. उत्तर उणे आलं तर ३ वजा झालेले आहेत. उणे २ आलं तर १२ ने भागलेलं आहे, उणे २.४४ आलं तर नमुन्याची दुरुस्तीही झालेली आहे. `scipy.stats.kurtosis` काही न सांगता उणे २ देतं, `KURT` उणे २.४४. दोघंही स्वतःला कर्टोसिसच म्हणवतात.

निवांत

छान उलगडा. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी थोडं लिहितो. कर्टोसिस म्हणजे वितरणाचं शिखर किती टोकदार आहे त्याचं माप. शिखर टोकदार झालं की शेपट्या जाड होतात, आणि जाड शेपट्या म्हणजे चढउतार जास्त. थोडक्यात, कर्टोसिस जास्त तर व्होलॅटिलिटी जास्त, म्हणून जोखीम जास्त.

चौथाघात

निवांत, शेपट्यांचं बरोबर आहे. शिखराचं आणि व्होलॅटिलिटीचं नाही.

आधी शिखर. वरच्या तक्त्यातला शेवटचा रकाना बघा. सरासरीच्या आसपासचे अकरा महिने मिळून चौथ्या घाताच्या बेरजेत १५० भरतात. एकट्या उणे ९ च्या महिन्याचे १०,०००. एकूण १०,१५० पैकी साडेअठ्ठ्याण्णव टक्के एका महिन्याचे. शिखर ज्या महिन्यांनी बनतं त्यांचं या आकड्यात जवळपास काही चालतच नाही. सरासरीपासून एका सिग्माच्या, म्हणजे एका प्रमाण विचलनाच्या, आत असलेल्या कुठल्याही महिन्याचं विचलन सिग्माने भागून चौथ्या घातात नेलं की ते १ पेक्षा लहानच राहतं. म्हणून कर्टोसिसकडे शेपटीचं माप म्हणूनच बघावं.

आता व्होलॅटिलिटी. असा एक फंड घ्या ज्याचा परतावा सहा महिने अधिक ४.२९ आणि सहा महिने उणे २.२९ आहे. सरासरी १, प्रमाण विचलन ३.२९, दोन्ही कोरीवहींच्या फंडाइतकीच. जादा कर्टोसिस उणे २, म्हणजे त्याहून कमी असूच शकत नाही. व्होलॅटिलिटीच्या रकान्यात दोन्ही फंड सारखे. पण एकाचा सर्वांत वाईट महिना उणे २.२९ आणि दुसऱ्याचा उणे ९. कर्टोसिस चढउताराचं प्रमाण सांगत नाही. तेवढाच चढउतार महिन्यांमध्ये कसा वाटला गेला आहे ते सांगतो: सगळ्यांत थोडा थोडा, की एकाच महिन्यात साठवून.

निवांत

दोन फंडांचं उदाहरण पटलं. पण शेपटी जाड म्हणजे वाईट महिने जास्त वेळा येणार, एवढं तरी खरं ना?

चौथाघात

तेही अर्धंच खरं आहे, आणि मला वाटतं जोखमीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. प्रमाण विचलन ३.२९. तक्त्यात सरासरीपासून त्याहून दूर किती महिने आहेत ते मोजा. फक्त एक. बारापैकी अकरा महिने एका सिग्माच्या आत आहेत. नॉर्मल वितरणात साधारण ६८ टक्के, म्हणजे बारात आठ महिने आत असायला हवे होते.

म्हणजे शेपटी जाड असलेल्या मालिकेत शांत महिने नॉर्मलपेक्षा जास्त असतात. मध्यम वाईट महिने, एक ते दोन सिग्माचे, उलट कमी असतात. पण अगदी टोकाचे महिने नॉर्मलच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त. गुंतवणूकदाराला रोज जे दिसतं ती शांतता असते, आणि ही शांतता धोक्याच्या विरुद्धचा पुरावा नसते. दोन्ही एकाच वितरणाची अंगं आहेत.

सावली

हे वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी ऑप्शन विकायचे. माझ्याकडे १८ महिन्यांची नोंद होती. सरासरी महिन्याला ०.९ टक्का, प्रमाण विचलन १.१, सर्वांत वाईट महिना उणे १.५. तीन सिग्मा खाली धरलं तरी उणे २.४ टक्के. कर्ज घेऊन चौपट पोझिशन केली तर वाईटात वाईट महिना दहा टक्क्यांच्या आतला, असा मी हिशेब केला आणि तेवढं सोसायची तयारी ठेवली.

एकोणिसावा महिना उणे ११ चा निघाला. चौपटीवर ४४ टक्के गेले. मार्जिनची मागणी आली आणि पोझिशन तळाशीच बंद करावी लागली. नंतरच्या महिन्यांत बाजार सावरला, पण मी त्यात नव्हते. शंभराचे छप्पन झाले की परत शंभर व्हायला जवळपास ७९ टक्के कमवावे लागतात, हे गणित मला आधीही येत होतं. फक्त ते माझ्या वाट्याला येईल असं त्या १८ महिन्यांतला एकही आकडा सांगत नव्हता.

चौथाघात

सावलीताई, एक विचारू का? त्या १८ महिन्यांचा स्क्यूनेस तुम्ही काढला होता का?

सावली

काढला होता. अधिक ०.१ च्या आसपास होता. कर्टोसिसही शून्याजवळ. दोन्ही आकड्यांनी मला हिरवा कंदील दिला होता.

चौथाघात

हेच ऐकायचं होतं. ऑप्शन विकणाऱ्याचा फायदा प्रीमियमइतकाच मर्यादित असतो आणि तोट्याला तशी मर्यादा नसते. उणे स्क्यूनेस त्या व्यवहाराच्या रचनेतच असतो. तो महिना येईपर्यंत आकड्यात उतरत नाही, एवढंच. अशा ठिकाणी आकड्याआधी करार वाचायचा: मला पैसे नेमके कशासाठी मिळताहेत?

कोरीवही

सावलीताईंचं वाचून मी वहीत उलटा प्रयोग केला. उणे ९ चा महिना काढून टाकला आणि उरलेल्या अकरा महिन्यांवर सगळं पुन्हा मांडलं. सरासरी १.९१, प्रमाण विचलन १.३८, स्क्यूनेस उणे ०.६७, जादा कर्टोसिस उणे ०.२६. एक महिना काढला तर ४.२१ वरून थेट शून्याच्या खाली!

आणखी एक गोष्ट. तो महिना धरून सरासरीपासून त्याचं अंतर ३.०४ सिग्मा येतं. नॉर्मल धरलं तर इतकं खाली जायची शक्यता साधारण ०.१२ टक्के, म्हणजे सुमारे ८५० महिन्यांत एकदा, सत्तर वर्षांत एकदा. पण आधीच्या अकरा महिन्यांच्या पट्टीने मोजलं तर तोच महिना जवळपास आठ सिग्मांवर बसतो. मग खरं अंतर कोणतं धरायचं?

मोजपट्टी

दुसरं. पहिल्या हिशेबात त्या महिन्याने स्वतःची पट्टी स्वतःच ताणली आहे. वर्गांच्या १३० मध्ये त्याचेच १०० आहेत. १२ ने भागून काढलेल्या सिग्माने मोजलं तर बारा आकड्यांत कुठलाही आकडा ११ च्या वर्गमूळापेक्षा, म्हणजे ३.३२ सिग्मांपेक्षा दूर जाऊच शकत नाही, मग तो उणे ९ असो की उणे ९०. एका वर्षाच्या डेटात "पाच सिग्माचा महिना आला नाही" हे वाक्य म्हणूनच पोकळ आहे. तो येऊ शकतच नव्हता.

कर्टोसिसलाही असंच छत आहे. १२ ने भागून काढलेला जादा कर्टोसिस जास्तीत जास्त ७.०९ होऊ शकतो: अकरा महिने अगदी सारखे आणि एक वेगळा असेल तेव्हा. तुमचा ४.२१ या छताखालचा आकडा आहे. साठ महिन्यांना तेच छत ५५ वर जातं. त्यामुळे बारा महिन्यांच्या फंडाचा ४ आणि साठ महिन्यांच्या फंडाचा ४ शेजारी ठेवून तुलना करणं मला मान्य नाही.

सूत्रकार

माझ्या कामात यावर उपाय आहे. कॉर्निश-फिशर विस्तार वापरायचा. नॉर्मलच्या सिग्मात स्क्यूनेस आणि कर्टोसिस घालून दुरुस्त व्हॅर, म्हणजे ठरावीक पातळीचा संभाव्य तोटा, मिळतो. १ टक्का पातळीला नॉर्मलचा उणे २.३३ असतो. तुमच्या आकड्यांनी तो उणे ३.०८ होतो, म्हणजे महिन्याचा परतावा उणे ९.१ टक्के. प्रत्यक्ष वाईट महिना उणे ९. किती छान जुळलं!

मोजपट्टी

जुळणारच, कारण तोच महिना तुम्ही सूत्रात घातलात. आता तेच सूत्र दुसऱ्या टोकाला लावून बघा. मध्य, म्हणजे ५० टक्के पातळी: परतावा २.२ टक्के. वरची ९९ टक्के पातळी: परतावा ०.३४ टक्के. शंभरातले नव्व्याण्णव महिने ज्याच्या खाली असायला हवेत तो आकडा मधल्या आकड्यापेक्षा लहान! हे वितरणच राहिलं नाही. कॉर्निश-फिशर स्क्यूनेस लहान असतानाच चालतो, उणे २.२३ त्याच्या आवाक्याबाहेर आहे. वापरायचा असेल तर आधी सगळ्या पातळ्या काढून त्या चढत्या क्रमाने येतात का ते बघा.

सूत्रकार

वरची पातळी मी कधी काढूनच बघितली नव्हती, कारण अहवालात फक्त डावी बाजू लागते. आता काढली, तुम्ही म्हणता तसंच येतंय. दहा वर्षांच्या डेटावर, स्क्यूनेस उणे ०.५ च्या आसपास असताना, मी तो वापरत राहीन. बारा महिन्यांवर नाही.

चौथाघात

मोजपट्टींशी मी जवळपास सहमत आहे, पण तुलना पूर्ण बाद करणं मला टोकाचं वाटतं. दोन्ही फंडांचे तेच १२० महिने घेतले तर तुलनेला अर्थ आहे. नॉर्मल मालिकेवर जादा कर्टोसिसची प्रमाण त्रुटी ढोबळमानाने २४ भागिले n चं वर्गमूळ असते. १२० महिन्यांना ती ०.४५. एका फंडाचा ०.३ आणि दुसऱ्याचा ५ असेल तर तो फरक निव्वळ योगायोगाचा नाही.

मोजपट्टी

ती त्रुटी मालिका नॉर्मल असेल तेव्हाची आहे. शेपटी जाड आहे असं आपण म्हणतोय, तर त्रुटीही त्याहून मोठी असणार. स्टुडंटच्या टी वितरणात स्वातंत्र्यांश चार किंवा त्याहून कमी असतील तर खरा कर्टोसिस मर्यादित नसतोच. नमुन्यावर कुठला तरी आकडा येतो, पण डेटा वाढवत गेलात तरी तो कुठे स्थिरावत नाही. मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्ये कापसाच्या किमतींवर लिहिताना तर व्हेरियन्सच अनंत असू शकतो असं मांडलं होतं. ते टोक मला पटत नाही, पण चौथ्या घाताबद्दलची शंका मला रास्त वाटते. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्या दिवसाच्या आधी थांबणारी दैनंदिन मालिका आणि तो दिवस धरणारी मालिका यांचे कर्टोसिस काढून बघा. दुसरा आकडा बाजाराबद्दल कमी आणि त्या एका दिवसाबद्दल जास्त सांगेल.

चौथाघात

तरीही तो दिवस बाजाराचाच होता ना. आकडा त्याच्यावर टेकलेला आहे म्हणून आकडा फेकून देऊ नये. मी तो देतो, आणि शेजारी लिहितो की त्यातला किती हिस्सा एका नोंदीचा आहे. इथे तो साडेअठ्ठ्याण्णव टक्के. हा हिस्सा वाचणाऱ्याला कर्टोसिसपेक्षा पटकन कळतो.

पायवाट

माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता. आता एक खरी शंका आहे. महिन्याचा कर्टोसिस ४.२१ असेल तर वर्षाच्या परताव्याचा किती? व्होलॅटिलिटीला १२ च्या वर्गमूळाने गुणतात तसं काही आहे का?

चौथाघात

आहे, पण दिशा उलटी. महिने एकमेकांपासून स्वतंत्र असतील आणि परतावे लॉग घेतले असतील, म्हणजे नुसती बेरीज चालेल, तर स्क्यूनेसला १२ च्या वर्गमूळाने भागायचं आणि जादा कर्टोसिसला थेट १२ ने. ४.२१ चे ०.३५ होतात. मात्र व्यवहारात वादळी महिने एकमेकांना धरून येतात, त्यामुळे शेपटी इतक्या लवकर बारीक होत नाही. आणि सावलीताईंचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा: वर्षाचा आकडा कितीही सौम्य आला तरी मार्जिनची मागणी वर्षअखेरपर्यंत थांबत नाही.

कोरीवही

मी वहीत आता असं लिहिलंय: "१२ महिने. सरासरी १, मधला परतावा २, प्रमाण विचलन ३.२९. स्क्यूनेस उणे २.२३, जादा कर्टोसिस ४.२१, दोन्ही १२ ने भागून, दुरुस्तीविना. चौथ्या घातातला ९८.५ टक्के हिस्सा एका महिन्याचा. तो महिना वगळल्यास उणे ०.६७ आणि उणे ०.२६. सर्वांत वाईट महिना उणे ९."

फंडाचे आधीचे ४८ महिनेही मिळताहेत. पण त्यातल्या पहिल्या ३० महिन्यांत फंडाचं धोरण वेगळं होतं, कर्ज घेऊन गुंतवणूक करायची मुभा नंतर आली. साठ महिने एकत्र धरायचे की फक्त शेवटचे तीस?

मोजपट्टी

फक्त तीस. कर्जाची मुभा आली तेव्हा सिग्मा बदलला असणार. वेगवेगळ्या सिग्माचे दोन तुकडे एकत्र केले तर दोन्ही नॉर्मल असूनही जोडलेल्या मालिकेचा कर्टोसिस ३ च्या वर जातो. तुम्ही शेपटी मोजताय असं वाटेल आणि मोजाल धोरणातला बदल.

चौथाघात

मी साठही काढून बघेन. आधी प्रत्येक तुकड्याचे परतावे त्याच्या त्याच्या सरासरीने आणि सिग्माने मापात आणा, मग जोडा. तीस महिन्यांत टोकाचा महिना सापडला नाही म्हणून तो नाही असं धरायची माझी तयारी नाही.

कोरीवही

दोन्ही करतो. तीसचे आणि मापात आणलेल्या साठचे रकाने आज रात्री हातानेच मांडतो आणि उद्या इथे टाकतो.